लाल बाण आणि जळकोटचा खड्डा

जळकोटच्या एका डाळमिलीत तूर उतरवून घ्यायचा खड्डा मी चुकीच्या बाजूला नेऊन ठेवला. मिल माझी नव्हती, खणणारा मी नव्हतो आणि तोवर जळकोट मी पाहिलंही नव्हतं. हे काम मी लातूरला प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, माउसने, हसत हसत केलं.

खुर्ची दाजींच्या वर्कशॉपमधली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. डाळमिलीला लागणारी यंत्रं ते बनवतात: चाळण्या, धान्य ओतायचे हॉपर, धान्य वर चढवणारे एलिव्हेटर. इतकी वर्षं त्यांना सुटी कामं मिळायची. इथे एक चाळणी, तिथे एक हॉपर. जळकोटच्या शेठनी पहिल्यांदाच अख्खी मिल त्यांच्या हवाली केली होती. तुरीचा हंगाम लागायच्या आत ती उभी राहायला हवी होती, आणि ती नीट उभी राहिली तर यापुढे दाजींना सुट्या चाळण्यांच्या मागे फिरावं लागणार नव्हतं. ताईने मला हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना माझ्या ताटात पोळी वाढली नव्हती.

शेठची अट एकच होती. "कागदावरच्या रेघा मला कळत न्हाईत. मिल उभी करून दाखवा, मग खणू."

मी नांदेडला घरी बसून प्रोग्रामिंग करतो. दूरच्या एका कंपनीचं काम, समोरासमोर कुणी विचारायला येत नाही. मी म्हणालो, "दाजी, त्यात काय एवढं! ब्राउझरमध्येच थ्रीडी उभी करून देतो. गोल फिरवा, आत शिरा, वरून बघा." 'त्यात काय एवढं' हे वाक्य माझ्या बहुतेक संकटांच्या पहिल्या ओळीत सापडतं.

यंत्रं झाली, शेड झाली, शेडच्या पूर्वेच्या भिंतीला बरोबर मधोमध खड्डा झाला. रस्ता पूर्वेला, ट्रक तिकडूनच येणार, म्हणून खड्डा पूर्वेला. हे दाजींनी मोजून दिलं होतं. यंत्रं हवेत तरंगल्यासारखी दिसू नयेत म्हणून मी खाली जमीन घातली. जमीन म्हणजे काय, तर मीटरमीटरवर आडव्या-उभ्या रेघा, साठ मीटर लांब, साठ मीटर रुंद. पूर्वेच्या कडेला एक पिवळी पट्टी, तिच्यावर 'रस्ता'.

शेठ लातूरला आले, चहा घेतला, माउसचं चाक फिरवलं. चित्र लांब गेलं, आणि काळ्या पडद्यावर माझी जमीन एवढीशी चौकोनी होऊन लोंबकळायला लागली.

"एवढीच जमीन?" शेठ म्हणाले. "ही तर ताटलीत मांडल्यावानी दिसतीया."

दाजी हसले. मी नांदेडला जाईपर्यंत एसटीत 'ताटली' हाच शब्द चघळत होतो. मिल चुकली असती तर एवढं लागलं नसतं. पण ताटली?

मग मी अनंत जमीन करायला घेतली.

ही युक्ती मला आजही आवडते, म्हणून जरा सांगू द्या. यात जमीन नावाची वस्तू नसतेच. पडदाभर एक चौकोन काढायचा आणि त्यातल्या प्रत्येक ठिपक्यावर एक छोटा प्रोग्राम चालवायचा. त्याला फ्रॅगमेंट शेडर म्हणतात. ग्राफिक्स कार्ड तो लाखो ठिपक्यांवर एका झटक्यात चालवतं. प्रत्येक ठिपक्याने डोळ्यापासून सरळ एक दोरी सोडायची आणि ती जमिनीला कुठे टेकते ते बघायचं. टेकलेली जागा मीटरांत मोजायची. ती पुऱ्या मीटरच्या अगदी जवळ असली तर ठिपका रेघेचा, नाहीतर मातीचा. झालं. कडा नाही, संपणं नाही. जिकडे बघाल तिकडे दोरी टेकते, आणि जिथे टेकते तिथे जमीन उगवते.

पहिल्या दिवशी जमीन आकाशातही उगवली. क्षितिजाच्या वर बघणाऱ्या ठिपक्याची दोरी पुढे जमिनीला टेकतच नाही. गणित मात्र इमानदारीने पाठीमागे जाऊन टेकवून येतं. अशा ठिपक्यांना बाद करायचं असतं. मी केलं नव्हतं. डोक्यावर दुसरं शिवार उलटं लटकलेलं पाहून मी चहा पीत बसलो, कारण दिसायला ते चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी रेघा यंत्रांच्या पोटातून आरपार दिसायला लागल्या. एलिव्हेटर जणू काचेचा. जमीन वस्तू नसल्यामुळे ती किती लांब आहे हे कार्डाला माहीत नव्हतं; जिथे दोरी टेकली तिथली खोली प्रत्येक ठिपक्याने स्वतः कळवायची असते. ती कळवली, आणि एलिव्हेटर लोखंडाचा झाला.

तिसरा त्रास लांबच्या रेघांचा. जवळ त्या सरळ असत, लांब गेल्या की एकमेकींत मिसळून वळवळत. दिवाळीची खरेदी करायला नांदेडला आलेल्या ताईने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे बाबा, डोळ्यांपुढं मुंग्या आल्या." बरोबरच होतं. लांबवर एका ठिपक्यात पाच-पाच रेघा मावायला लागल्या की कुठली दाखवायची ते ठिपक्याला कळेना. म्हणून शेजारच्या ठिपक्यापर्यंत जमीन किती सरकते ते विचारून त्या हिशेबाने रेघेची जाडी धरायची, आणि अंतर वाढेल तशी रेघ फिकी करत न्यायची. अमुक अंतरापलीकडे नुसतं धुकं. हे जमलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून खोलीत फेरी मारली. पायाशी रेघा ठसठशीत, पुढे मऊ, त्यापुढे नुसता भास. सप्टेंबरच्या सकाळी बालाघाटाच्या कडेला उभं राहिल्यावर दिसतं तसं.

मधोमध दोन रेघा रंगीत ठेवल्या. पूर्व-पश्चिम जाणारी लाल, उत्तर-दक्षिण जाणारी निळी. आणि जुनी ताटली काढून टाकली. तिच्या कडेची 'रस्ता' लिहिलेली पिवळी पट्टीही तिच्यासोबत गेली. अनंत जमिनीला कडाच नाही तर पट्टी कुठे चिकटवणार, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की पट्टीमुळे माझं धुकं बिघडत होतं.

पण आता चहूबाजूंनी सारखीच जमीन. शेड दोन्हीकडून सारखी. आपण कुठून बघतोय ते कळणार कसं? म्हणून कोपऱ्यात तीन बाणांचं एक खेळणं बसवलं. त्याला गिझ्मो म्हणतात. लाल बाण पूर्वेला, निळा दक्षिणेला, हिरवा वर. चित्र फिरवलं की बाणही फिरतात, म्हणजे कितीही गरगरलात तरी पूर्व कुठे ते कोपऱ्यात दिसत राहतं.

गिझ्मो मी अर्ध्या तासात केला. कॅमेऱ्याचे दोन कोन होते, एक मान वर-खाली करायचा, एक गोल फिरायचा. तेच दोन कोन बाणांना दिले. मानेचा कोन पहिल्यांदा उलटा लागला, लगेच दिसला, सुलटा केला. गोल फिरायचा कोन तपासायला दक्षिणेकडून पाहिलं: पूर्व उजवीकडे. बरोबर. पार मागे जाऊन उत्तरेकडून पाहिलं: पूर्व डावीकडे. बरोबर. समोरून ठीक, मागून ठीक, मग मध्ये काय बिघडणार? मी लॅपटॉप मिटला आणि लातूरची गाडी धरली.

या वेळी शेठ खूश झाले. चाक फिरवत लांब गेले, अजून लांब गेले. जमीन काही संपेना. "हां! आता शिवार वाटतंय." मी दाजींकडे बघून मान हलवली, जणू शिवार माझ्या वडिलांनी घेऊन ठेवलं होतं.

"आता रस्त्याकडून दाखवा," शेठ म्हणाले. "मी गाडीतून उतरलो की कसं दिसंल?"

मी चित्र पूर्वेच्या बाजूला फिरवलं. खड्डा आमच्या अगदी पुढ्यात आला. शेठनी कोपऱ्यातल्या खेळण्याकडे बोट केलं.

"हा लाल बाण पूर्व ना?"

"हो."

"तो तर पलीकडं दावतोय. म्हंजे पूर्व शेडच्या मागं, अन् आपण उभे पश्चिमेला. मग खड्डा पश्चिमेला झाला की."

दाजी वाकून बघायला लागले. "न्हाई शेठ, मी तर पूर्वेचं माप दिलंय." आणि माझ्याकडे पाहिलं. "काय रे? काय करून ठेवलंस?"

या जागी साधा माणूस म्हणाला असता, थांबा, तपासतो. मी म्हणालो, "दाजी, बाण खोटं बोलत नाही. बसवताना माझ्याकडून खड्डा इकडे आला असेल." आणि माउसने खड्डा उचलला, शेडवरून पलीकडे नेला आणि मागच्या भिंतीच्या मधोमध ठेवला. हसत हसत, वर सांगितलंच आहे.

"हां, आता झाला पूर्वेला," शेठ म्हणाले. दाजी पत्रा कापायला गेले. मिस्त्रीला द्यायचा वरून काढलेला नकाशा मीच काढला आणि मीच फोनवर पाठवला. त्यात उत्तर वर होती, पूर्व उजवीकडे होती, आणि खड्डा डावीकडे होता. हे तिसरीतल्या पोराला दिसलं असतं. मला दिसलं नाही, कारण मी नकाशाच्या काठाला रेघा किती छान विरतात ते बघत होतो.

खणायचं ठरलं बुधवारी.

बुधवारी सकाळी नांदेडला, आंघोळीच्या आधी, मला आणखी एक शृंगार सुचला. जमिनीवरची लाल रेघ दोन्हीकडे सारखीच लाल होती. पूर्वेचा अर्धा भाग भडक आणि पश्चिमेचा फिका केला तर? शेडरमध्ये एका ओळीचं काम. केलं, आणि सहज चित्र रस्त्याच्या बाजूला फिरवलं.

भडक लाल रेघ सरळ माझ्या अंगावर आली. कोपऱ्यातला लाल बाण पाठमोरा निघाला होता.

दोघांचीही नावं पूर्व. एक इकडे, एक तिकडे.

मी आधी रेघेवर संशय घेतला, कारण ती त्याच मिनिटाला लिहिली होती. पूर्वेला दहा मीटरवर एक साधा ठोकळा ठेवला. ठोकळा भडक रेघेवर जाऊन बसला. रेघ खरी होती. मग खोटा कोण, हे कळायला फार हुशारी लागत नव्हती.

चूक एवढीच होती: आपण डावीकडे वळलो की समोरचं जग उजवीकडे सरकतं. बाण जगातले, म्हणून त्यांनी जगाबरोबर, म्हणजे कॅमेऱ्याच्या उलट फिरायला हवं. मी त्यांना कॅमेऱ्याबरोबरच फिरवलं होतं. कोनाआधी एक उणे चिन्ह हवं होतं, ते नव्हतं. आणि याची खोडी अशी की समोरून बघा, काही फरक नाही. अर्धा वळसा घालून मागून बघा, तरी फरक नाही, कारण अर्धा वळसा डावीकडून घ्या नाहीतर उजवीकडून, पोचता तिथेच. फक्त पाव वळशावर, म्हणजे बाजूने पाहिलं की पूर्वेची पश्चिम होते. मी नेमक्या त्याच दोन जागा तपासल्या होत्या जिथे चूक दिसणं शक्य नव्हतं. शेठनी पहिल्या फटक्यात तिसरी निवडली.

दाजींना फोन लावला. वाजून वाजून बंद. कटर चालू असला की दाजींना शेजारी उभा माणूस ऐकू येत नाही, खिशातला फोन काय येणार? मिस्त्रीचा फोन 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. शेठना लावायचा धीर झाला नाही. अख्खी मिल हातची जाते की राहते, हे फोनवर सांगायचं वाक्य मला तयार करता येईना. खड्डा भिंतीच्या चुकीच्या अंगाला खणला, त्यात काँक्रीट पडलं, की एलिव्हेटर, चाळण्या, सगळी रांगच उलटी. शेठ म्हणणार, ज्याला पूर्व-पश्चिम कळत नाही त्याला मिल कोण देतं? आणि हे दाजींना म्हणणार, मला नाही.

आंघोळ तशीच राहिली. लॅपटॉप पिशवीत टाकला आणि कंधारकडून जाणारी लाल गाडी धरली.

गाडीत दर थांब्यावर दाजींना फोन. खिडकीतून शिवारं जात होती, जवळची ठसठशीत, लांबची धुक्यात विरलेली, अगदी माझ्या शेडरसारखी. मला त्यांच्याकडे बघवेना. शेजारच्या म्हातारबाबांनी विचारलं, "घरी कुणी आजारी हाय का?" मी म्हणालो, "नाही, खड्डा आहे." ते थोडे सरकून बसले.

जळकोटला उतरलो तेव्हा बारा वाजत आले होते. रिक्षावाल्याला नव्या डाळमिलीचं नाव पुरलं. गावाबाहेर आलो तर लांबूनच जेसीबीचा पिवळा हात वर जाताना दिसला. खाली गेला. परत वर आला, मातीने भरलेला.

मी रिक्षातून उडी मारली आणि मग तिथेच उभा राहिलो. कारण मला कळेना की तो कुठल्या बाजूला खणतोय. समोर एक शेड होती, दोन्हीकडून सारखी. सूर्य डोक्यावर. कोपऱ्यात बाण नव्हता. अनंत जमिनीचा निर्माता जळकोटच्या काळ्या मातीत उभा, आणि पूर्व कुठे ते माहीत नाही!

रिक्षावाल्यालाच विचारलं. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "ही काय पूर्व. ज्या रस्त्यानं आणलं तीच की."

खरंच की, रस्ता पूर्वेला; घाईत हेही विसरलो होतो. आणि जेसीबी रस्त्याच्या बाजूला होता. पांढऱ्या फक्कीचा स्वच्छ चौकोन, त्याच्या कोपऱ्यांना खुंट्या, खुंट्यांना दोरी, आणि आत हात-दीड हात खोल खड्डा. पूर्वेच्या भिंतीला. बरोबर मधोमध.

मी विटांच्या ढिगावर बसलो.

मिस्त्री आले. पन्नाशीचे, कानाला पेन्सिल, गळ्यात पंचा. "साहेब, तुमी नांदेडचे ना? नकाशावाले?"

"हो. तो नकाशा... खड्डा..."

"आलता की." त्यांनी खिशातून घडी काढली. शेठनी छापून दिली होती. "ह्याच्यात खड्डा मागल्या भिंतीला दावलाय. मागं शेजाऱ्याची तूर उभी हाय कमरंएवढी. ट्रक काय तुरीतून येणार व्हय? शेठला इचारलं, तर ते म्हनले, नकाशात पूर्वेलाच हाय, माझ्यासमोर सरकवलाय. मग म्या कागद असा उलटा धरला," त्यांनी कागद फिरवून दाखवला, "तर बरोबर येतंय. म्हनून उलटा धरला अन् फक्की मारली."

एवढंच. माझं दोन आठवड्यांचं काम त्यांनी हाताचं मनगट वळवून दुरुस्त केलं होतं. अर्धा वळसा! मी ज्याच्यात फसलो, त्यानेच ते सुटले.

तेवढ्यात दाजींचा फोन आला. "अकरा मिस कॉल! काय झालं? घरचे सगळे बरे हायत ना?"

मी सगळं सांगितलं. बाण, उणे चिन्ह, मी किती गाढव आहे ते, सगळं. पलीकडे मागे कुठेतरी पत्रा आपटला.

"खड्डा कुठं हाय?"

"पूर्वेला."

"रस्त्याकडं?"

"हो."

"मग चहा पी," दाजी म्हणाले, आणि ठेवून दिला. त्या 'चहा पी'नंतर मला इतकं हलकं वाटलं की मिस्त्रींच्या किटलीतला गारढोण चहा मी दोन कप प्यायलो.

सिमेंटच्या पोत्यांवर लॅपटॉप उघडला. गिझ्मोच्या त्या ओळीत उणे चिन्ह घातलं. खड्डा उचलून परत पूर्वेला आणला. मग दक्षिणेकडून, आग्नेयेकडून, पूर्वेकडून, ईशान्येकडून, असं करत आठही दिशांनी बघितलं, आणि दर वेळी भडक रेघ आणि लाल बाण एकाच दिशेला जातायत याची खात्री केली. पिवळी पट्टीही परत घातली. धुकं बिघडलं तर बिघडलं. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: रस्ता.

शेठ जेवणाच्या सुट्टीत आले. त्यांना मी सरळ सांगितलं की बाण खोटा होता, तुमची नजर नव्हे. ते पट्टीकडे बघून म्हणाले, "ही बरी हाय. ही कशाला काढली होती?" मग ते खड्ड्याच्या काठावर जाऊन उभे राहिले, रस्त्याकडे बघितलं, आणि "काँक्रीट उद्या" म्हणाले. दाजींची मिल जागच्या जागी राहिली.

मिस्त्री मात्र माझ्या खांद्यावरून पडद्यात बघत होते. मी चाक फिरवून जमीन लांब नेली.

"ही कुठं संपती?"

"संपत नाही, मिस्त्री. अनंत आहे. लांब गेली की विरते फक्त."

"मोजणीवाल्याला दाखवू नका," ते म्हणाले. मग कोपऱ्यातल्या बाणाला बोट लावलं. "अन् हे?"

"हे पूर्व सांगतं. आता बरोबर सांगतं. आधी एक चिन्ह राहिलं होतं."

"किती दिस लागले ह्याला?"

"जमीन धरून... दोन आठवडे."

मिस्त्रींनी कानाची पेन्सिल काढली, नकाशावर खड्ड्याजवळ फुली मारली, घडी करून खिशात टाकली आणि जेसीबीकडे निघता निघता म्हणाले, "साहेब, मी पूर्व बघायला सकाळी नुसता तोंड धुवायला बाहेर येतो. तुमी जरा लवकर उठत जा."